हात लावायचे नाहीत असे पैसे

ताईच्या पैशांना कुलूप लावलं ते तिच्या धाकट्या भावानं, म्हणजे प्रस्तुत लेखकानं. कुलूप लावून किल्ली त्यानं बँकेच्या हवाली केली, तीही पाच वर्षांसाठी. हेतू अर्थातच चांगला होता. धाकट्याचे हेतू लहानपणापासूनच चांगले असतात. एकदा चांगल्याच हेतूनं त्यानं घरातलं घड्याळ उघडलं होतं.

झालं असं, की धाकट्याला नुकती नोकरी लागली होती. पगार बेताचा होता, पण मोबाइलवर पैशांबद्दल बोलणाऱ्या माणसांची भाषणं तो रोज ऐकत असे आणि जेवताना ती इतरांना ऐकवत असे. एका रविवारी तो ताईकडे आला. ताईच्या लेकीला, ठमीला, खांद्यावर बसवून खोलीत तीन फेऱ्या मारल्या (खोलीत त्याहून जास्त फेऱ्या बसत नाहीत) आणि मग ताईचा फोन हातात घेऊन विचारलं, "पैसे कुठे ठेवतेस?"

ताईनं सांगितलं. साठ हजार. साध्या बचत खात्यात.

धाकट्यानं कपाळाला हात लावला. साध्या खात्यात पैसे ठेवणं म्हणजे काय पाप आहे, महागाई त्यांना कशी कुरतडते, यावर त्यानं चहा निवेपर्यंत व्याख्यान दिलं. ताई भात शिजवत होती आणि ठमी पिठाच्या डब्यात हात घालत होती. ताई एवढंच म्हणाली, की ते अडीअडचणीचे आहेत, लागले तर लगेच मिळायला हवेत. धाकटा म्हणाला, "मुदत ठेव कधीही मोडता येते गं. थोडं व्याज कापतात, बस." हे बरोबरच होतं. फक्त त्यानं जी ठेव उघडली ती त्यातली नव्हती. बँकेच्या यादीत सगळ्यांत वर कर वाचवणारी ठेव होती. शेजारी तारा काढलेला होता. त्या ताऱ्यावर भाळून त्यानं पन्नास हजार तिच्यात टाकले आणि खालचं बारीक अक्षर न वाचता होकाराच्या चौकटीत खूण केली. त्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, की ही ठेव पाच वर्षं मोडता येणार नाही आणि तिच्यावर कर्जही मिळणार नाही.

यातला विनोद असा, की कर वाचवायचा तर आधी कर बसावा लागतो. ताईच्या पगारावर कर बसायला अजून बरीच वर्षं आणि बरेच चमत्कार लागणार होते.

आठवड्यानं ताईनं बँकेत जाऊन ठेव मोडता येईल का विचारलं तेव्हा काउंटरवरच्या मुलानं नकारार्थी मान हलवली. ती धाकट्याला रागावली नाही. फोनवर म्हणाली, "जाऊ दे. पाच वर्षांनी ठमी साडेआठ वर्षांची होईल. तेव्हा सायकल घेऊ." रागावली असती तर बरं झालं असतं, असं धाकट्याला अजून वाटतं.

ताई चष्म्यांच्या दुकानात काम करते. पुढे काचेची कपाटं आणि आरसे, तिथे मालक. मागे पडद्याआड एक लांबट खोली, तिथे ताई आणि फिटरकाका. गोल लेन्स फ्रेमच्या मापाला घासायची हे ताईचं काम. चाकावर पाण्याची धार सुरू असते, लेन्स फिरत फिरत आकार धरते आणि पांढरा गाळ उडून तिच्या बाहीवर, भुवयांवर बसतो. लेन्सचा मध्य डोळ्याच्या बाहुलीसमोर आला पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक चक्कर येते म्हणत परत येतं. ताईकडून सहसा कोणी परत येत नाही. फिटरकाका दांड्या गरम करून वाकवतात, स्क्रू घट्ट करतात आणि दिवसभर स्वतःशी गुणगुणतात. त्या खोलीत दोन माणसं आठ तास शेजारी बसायची आणि यंत्राच्या आवाजामुळे फारसं काही बोलायची नाहीत. ताईला ते सोयीचं होतं.

कारण दुकानात सगळ्यांना माहीत होतं, की ताईचा नवरा बाहेरगावी नोकरीला आहे.

तो बाहेरगावी होता हे खरंच. फक्त तिथे त्याचं दुसरं घर होतं. ठमी दहा महिन्यांची असताना तो गेला, दर महिन्याला पैसे पाठवीन म्हणाला, दोनदा पाठवलेही. नोकरीच्या पहिल्या दिवशी मालकानं विचारलं, मिस्टर काय करतात? ताईच्या तोंडून निघून गेलं, की बाहेरगावी असतात. एकदा निघालेलं वाक्य मग परत घेता येईना. मालक अधूनमधून चौकशी करायचा, साहेब कधी येणार, बढती झाली का. ताईही उत्तरं द्यायची. अशी जवळजवळ तीन वर्षं तिनं त्या माणसाला नोकरीत टिकवून धरलं. एकदा तर बदलीही केली.

या खोट्याची किंमत तिला दर वर्षी मोजावी लागे. पगारवाढीच्या वेळी मालक हसून म्हणायचा, "तुला काय बाई, घरात दोन पगार." आणि पुढे उभ्या राहणाऱ्या विक्रेत्याला जास्त वाढ मिळायची, कारण त्याच्या घरी एकच पगार होता.

तर तो एकच पगार ती कसा चालवत होती ते सांगायला हवं, कारण त्यात गंमत काहीच नाही पण शिस्त आहे. हातात येत बावीस हजार. भाडं सात, पाळणाघर सहा, आणि पोटापाण्याला, विजेला, बसला, ठमीच्या खोकल्याला मिळून सहा. उरत तीन. त्यातले दोन हजार पगाराच्या दुसऱ्याच दिवशी आपोआप दुसऱ्या बँकेत जात. त्या बँकेचं कार्ड तिनं घेतलंच नव्हतं. कार्ड असलं की हात जातो, असं तिचं म्हणणं. उरलेले एक हजार म्युच्युअल फंडात, दर महिन्याला, बाजार वर असो की खाली. तो फंड बाजारातल्या मोठ्या कंपन्या त्यांच्या आकाराप्रमाणे घेऊन ठेवायचा, फार हुशारी करायचा नाही. ताईला तो म्हणूनच आवडला. हुशार माणसांचा तिला अनुभव होता.

दोन हजार अडचणीसाठी, एक हजार ठमी मोठी झाल्यावरसाठी. दोन्ही वेगळे. निदान सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत फंडाचा हप्ता वाढवायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं. दोन वर्षं तिनं हे चुकवलं नव्हतं, आणि वर स्कूटर विकून आलेले पैसेही त्यातच घातले. तेव्हापासून ती बसनं येते-जाते. अशा साठ हजारांवर धाकट्यानं हात फिरवला. मागे राहिले दहा.

पाळणाघर होतं तळमजल्यावरच्या काकूंचं. काकू एकट्या राहायच्या, सहा मुलं सांभाळायच्या, आणि महिना संपला की पैसे घ्यायच्या. दुकानातून निघायला उशीर झाला तर काकू ठमीला आपल्याबरोबर भात भरवायच्या आणि वरचा एक पैसा मागायच्या नाहीत. दारात चप्पल काढता काढता काकू विचारायच्या, "आज दमलीस ना गं?" अख्ख्या दिवसात ताईला हा प्रश्न विचारणारं ते एकच माणूस. ती "छे" म्हणायची आणि उगाच दोन मिनिटं जास्त उभी राहायची.

महिना संपता संपता काकू न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. मुलगा आला, त्यांना आपल्या शहरात घेऊन गेला, दाराला कुलूप लावलं. जाताना स्ट्रेचरवरून काकू सगळ्या आयांची माफी मागत होत्या. ताईनं महिन्याचे पैसे मुलाच्या हातात दिले आणि ठमीला कडेवर घेऊन जिना चढली. ठमीनं विचारलं, काकू कधी उठणार? ताई म्हणाली, लवकर. वर आल्यावर तिच्या लक्षात आलं, की सकाळी कामावर जायचंय आणि ठमीला ठेवायला जगात एकही जागा नाही.

तिनं मालकाला फोन करून सांगितलं, की मुलगी आजारी आहे. आणखी एक खोटं. पण खरं सांगायला आधीची तीन वर्षं उलगडावी लागली असती.

दुकानात न आलेल्या दिवसाचे पैसे कापतात. ताई रोज सकाळी ठमीला घेऊन पाळणाघरं बघत फिरू लागली. एक होतं ते तीन बस बदलून. एकात मुलं टीव्हीसमोर ओळीनं बसवली होती आणि सांभाळणारी बाई फोनवर भांडत होती. तिसरं चांगलं होतं. दुकानापासून चालत दहा मिनिटांवर, स्वच्छ, खिडक्यांना जाळ्या, कोपऱ्यात वाळूचा हौद. ठमी हौदात उतरली ती बाहेर येईना. तिथल्या बाई पन्नाशीच्या, केस घट्ट बांधलेल्या, बोलणं मोजकं. महिन्याला नऊ हजार, आगाऊ. शिवाय दोन महिन्यांची अनामत, मूल काढून घेताना परत. म्हणजे सत्तावीस हजार भरल्याशिवाय ठमी आत जाणार नव्हती. एक जागा रिकामी होती आणि ती सोमवारपर्यंत ठेवीन, असं बाई म्हणाल्या.

"आणि तुमच्याशिवाय आणखी एका माणसाचं नाव लागेल," बाई म्हणाल्या. "याच गावात राहणारं. मुलाला ताप आला, तुमचा फोन लागला नाही, तर कोणीतरी अर्ध्या तासात यायला हवं. त्याशिवाय मी मूल घेत नाही."

ताई म्हणाली, देते. आणि हौदाच्या काठावर बसून राहिली. सत्तावीस हजारांपेक्षा हेच अवघड आहे, हे तिला तिथे कळलं. पाच वर्षं ती या गावात राहत होती. भाजीवाल्याला तिचं तोंड माहीत होतं, बसच्या कंडक्टरला तिचा थांबा माहीत होता. पण ठमीला घेऊन ये असं ज्याला सांगता येईल असा माणूस काढायला गेली तर खुबा मोडलेल्या काकूंपाशीच येऊन थांबत होती.

त्या दिवशी आईचा फोन आला. आई गावी, थोरल्या भावाकडे राहते. तिला सगळं कळलं होतं, कारण धाकट्याच्या पोटात काही राहत नाही. आई म्हणाली, पोरीला इथे आणून सोड, वर्षभर राहू दे, शाळेत जायच्या वेळी घेऊन जा. इथे अंगण आहे, गाय आहे, थोरल्याची मुलं आहेत. तिकडे तुझे नऊ हजारही वाचतील. यातली एकही गोष्ट खोटी नव्हती. ताईला राग आला तो त्याचाच. आई पुढे म्हणाली, "तू एकटी किती ओढशील? तू सुटशील, ती पण सुटेल."

"मी सुटून काय करू, आई?" ताईनं विचारलं.

 आई म्हणाली, सोमवारनंतर थोरल्याला गाडी घेऊन पाठवते.

फोन ठेवल्यावर ताईनं ठमीकडे पाहिलं. ठमी चमच्यानं बादली वाजवत होती. खोलीत दुसरा आवाज नव्हता, आणि तो गेला तर तिथे काय उरेल याचा हिशेब करायला कागद-पेन लागत नव्हतं.

मग तिनं दुसरा हिशेब केला. खात्यात दहा हजार. पुढच्या पगारातून कामाला न गेलेल्या दिवसांचे पाच-सहा हजार कापले जाणार, म्हणजे भाडं आणि पोट यांतच बहुतेक पगार संपणार. फंडात घातलेले चोवीस हजार, पण गेले दोन महिने बाजार पडला होता, त्यामुळे त्यांचे बावीस झाले होते. आणि पन्नास हजार सुखरूप, कुलुपात, कर वाचवत बसलेले.

धाकट्याला तिनं फोन केला तो फक्त विचारायला, की फंडातले पैसे काढले तर किती दिवसांत येतात. धाकट्यानं आधी आपल्या चुकीबद्दल गळा काढला, मग एकदम तज्ज्ञ झाला. आज विकायला टाकलं तर दोन-तीन कामाचे दिवस, म्हणाला, मध्ये शनिवार-रविवार आला तर ते धरायचे नाहीत. आणि मग न राहवून म्हणाला, "पण ताई, बाजार पडलेला असताना विकू नये. तोटा पक्का होतो."

"मग केव्हा विकू? ठमी गावी पोचल्यावर?"

धाकटा गप्प बसला. ही त्याच्या आयुष्यातली दुर्मीळ घटना.

ताईच पुढे समजावणीच्या सुरात बोलली. तिला सगळं मोडायचं नव्हतं. पण फंड मोडावा लागू नये म्हणूनच तर ते दुसरे पैसे होते, आणि ते नाहीत. आता पडलेल्या दरानं विकणं ही त्या कुलुपाची किंमत. तू तुझे आधी साठव, म्हणाली, आणि साध्या खात्यात साठव. धाकट्यानं आपल्याकडचे चार हजार पाठवतो म्हणून खूप आग्रह केला. ती नको म्हणाली. त्याच्याकडे चारच आहेत हे तिला माहीत होतं, आणि दोघांपैकी एकाकडे तरी काहीतरी शिल्लक असावं, असं तिला वाटलं.

शुक्रवारी ती ठमीला घेऊनच दुकानात गेली. ठमीला मागच्या खोलीत स्टुलावर बसवलं, रिकामी फ्रेम खेळायला दिली. फिटरकाकांनी गुणगुणणं थांबवलं आणि फ्रेमच्या दांड्या ठमीच्या कानांच्या मापानं वाकवायला घेतल्या. ताई पडदा सारून मालकासमोर उभी राहिली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं.

"मुलगी आजारी नाहीये," ताई म्हणाली. "सांभाळणाऱ्या काकू पडल्या. आणि माझे मिस्टर बाहेरगावी नसतात. म्हणजे असतात, पण माझे नसतात. पावणेतीन वर्षं झाली. घरात एकच पगार आहे, हा इथला."

 मालकाच्या चेहऱ्यावर दया येईल या भीतीनं ताईनं आरशांकडे पाहिलं, तर सगळ्या आरशांत तीच. पण मालकाला दया आली नाही. तो चिडला.

"म्हणजे मी तीन वर्षं कोणाची चौकशी करतोय?" तो म्हणाला. "बदली झाली म्हणालीस तेव्हा मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, बिचारी एकटी पडणार!"

ताईला हसू आलं, आणि त्याच्या मागोमाग रडूही यायला लागलं, म्हणून तिनं हसू धरून ठेवलं. पुढचं सगळं मग सरळ झालं. मालक काही मोठ्या मनाचा माणूस नव्हता. फुकट कोणाला काही देणं त्याच्या अंगावर यायचं. पण ताई न आल्यापासून घासायच्या लेन्स दुसऱ्या वर्कशॉपला पाठवाव्या लागत होत्या, दोन गिऱ्हाइकं चक्कर येते म्हणून परत आली होती. त्यानं पुटपुटत आकडेमोड केली आणि पुढच्या महिन्यापासून पंधराशे वाढवतो म्हणाला. पंधराशे काही नव्या पाळणाघराच्या जादा तीन हजारांना पुरे पडत नव्हते. तरी अर्धं भगदाड बुजलं. उचल हवी का, असंही विचारलं त्यानं. ताई नको म्हणाली. उचल पुढच्या पगारातूनच कापली जाते, आणि पुढचा पगार आधीच आजारी होता.

पडद्याआड आली तर फिटरकाका ठमीसमोर आरसा धरून बसले होते. ठमीला बिनकाचेचा चष्मा फार शोभत होता. पडदा काही भिंत नव्हे. काकांनी सगळं ऐकलं होतं, आणि ऐकलं नाही असं दाखवण्याइतके ते नाटकी नव्हते.

"कुठलं पाळणाघर?" त्यांनी विचारलं. ताईनं सांगितलं. काका म्हणाले, माझ्या घरापासून मागची गल्ली.

ताईनं यंत्राचा पाण्याचा नळ उघडला, बंद केला. हे मागणं तिच्यानं कधी झालं नव्हतं. पैसे मागणं सोपं, ते परत करता येतात. मग ती म्हणाली, "काका, तिथे एक नाव द्यावं लागतं. मला काही झालं, फोन लागला नाही, तर ठमीला न्यायला येणारं. माझ्याकडे नाव नाहीये."

काकांनी हातातली दांडी खाली ठेवली. "माझं दे," म्हणाले. "पण तिथे नातं विचारतील. काय सांगशील?"

"शेजारी बसणारे."

"हे काय नातं झालं?" काका म्हणाले. पण खूश झालेले दिसले.

शुक्रवारीच तिनं दुपारच्या आत फंडाचे बारा हजारांचे भाग विकायला टाकले. उरलेल्या दहांना हात लावला नाही. दर महिन्याचा हप्ता मात्र तीन महिन्यांसाठी थांबवला. रद्द केला नाही, थांबवला, म्हणजे आपोआप पुन्हा सुरू होईल. कारण तिला स्वतःची खात्री नव्हती. रद्द केला असता तर पुन्हा सुरू करायचा तो दिवस कधी आलाच नसता.

सोमवारी सकाळी ती पाळणाघरात गेली. विकलेले पैसे अजून आले नव्हते. तिनं बाईंना खरं सांगितलं. आता खरं सांगायची सवय लागायला लागली होती. एक पगार आहे, अनामत एकदम भरता येणार नाही. आज पहिल्या महिन्याचे नऊ हजार देते, परवापर्यंत अनामतीचे अर्धे देते, उरलेले नऊ हजार दर महिन्याला तीन-तीन करून. हे बोलताना तिचे हात ठमीच्या डोक्यावर होते आणि ठमी मान काढून घेत होती, कारण तिला हौद दिसला होता.

बाईंनी चष्मा काढून पुसला. ताईच्या लक्षात आलं, की डावी लेन्स जराशी तिरकी बसलीय. 

"सगळेच हप्ते मागायला लागले तर मी पगार कुठून देऊ?" बाई म्हणाल्या. "माझ्याकडे चार मुली कामाला आहेत."

"सगळ्यांचं मला माहीत नाही," ताई म्हणाली. "मी दिलेला हप्ता चुकवत नाही. पण आज तुम्ही नाही म्हणालात तर हिला परवा गावी न्यायला गाडी येणार आहे."

बाईंनी दुसरं नाव विचारलं. फिटरकाकांचं नाव, फोन, घर ताईनं सांगितलं. बाईंनी तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडून काकांचा आवाज एवढा मोठ्यानं आला, की ताईलाही ऐकू आला: हो, हो, मीच तो, कधीही बोलवा, गुडघा दुखतो पण येईन. बाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला. ते हसू असावं. पहिला हप्ता चुकला तर जागा दुसऱ्याला देईन, म्हणाल्या, आणि हौदाकडचं दार उघडलं.

ठमीनं मागे वळून पाहिलंही नाही. ताई रस्त्यावर आली. आई फोन उचलेना म्हणून थोरल्याला सांगितलं, गाडी पाठवू नको. मग दुकानापर्यंत चालत गेली. कडेवर कोणी नव्हतं, हात मोकळे होते, आणि ते कुठे ठेवायचे ते तिला कळत नव्हतं.

पुढचे तीन-चार महिने जसे गेले तसे गेले. त्यांत सांगण्यासारखं काही नाही. पंधराशेची वाढ आणि उरणारे तीन हजार मिळून साडेचार, त्यांतले तीन जादा फीचे. उरलेल्या दीड हजारांत अनामतीचा तीन हजारांचा हप्ता कसा बसणार? म्हणून ती रविवारी घरी फ्रेमची कामं आणू लागली. नाकाचे पॅड बदलायचे, झिजलेले स्क्रू काढायचे, नगावर पैसे. ठमी झोपली की दुपारी ती खिडकीशी बसून ते करायची. रविवारी दुपारी पूर्वी ती काय करायची हे आता आठवत नाही. बहुधा काहीच नाही. बहुधा काकूंच्या दारात उभी राहायची.

काकू मुलाकडेच राहिल्या. एकदा त्यांचा फोन आला. विचारलं, दमतेस ना गं? ताई "हो" म्हणाली. 

फिटरकाकांना एकदाच यावं लागलं. दुपारी ठमीला ताप चढला, ताई बँकेत रांगेत होती, फोन दुकानात. काका गुडघा धरत गेले, ठमीला आपल्या घरी नेऊन पाणी पाजत बसले. ताई धावत पोचली तेव्हा दोघं एकमेकांना चष्मे घालत होती. नंतर तीन दिवस ठमीला पाळणाघरात घेईनात, तापाचं मूल ते घेत नाहीत. फी मात्र चालू राहते, आणि ताईचा पगार कापला जातो. असे दिवस म्हणजेच ती अडचण, जिच्यासाठी पैसे बाजूला टाकायचे असतात. त्या वेळी बाजूला होते पाचशे. ते गेले.

तरी दुसऱ्या बँकेतलं ते कार्ड नसलेलं खातं तिनं पुन्हा भरायला घेतलं. पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप, आता फक्त पाचशे. रविवारच्या कामातून हप्ता भरून काही उरलं तर तेही. थांबवलेला फंडाचा हप्ता आपोआप सुरू झाला तेव्हा तिनं तो पाचशेवर आणला. धाकट्यानं हिशेब करून सांगितलं, की या वेगानं सहा महिन्यांचा खर्च जमायला किती वर्षं लागतील. ताई म्हणाली, तू आकडा सांगू नकोस.

बाईंचे दोन हप्ते वेळेवर गेले. तिसरा राहिला होता. त्या महिन्यात रविवारचं काम कमी आलं. संध्याकाळी ताई ठमीला न्यायला गेली तेव्हा बाई टेबलाशी बसल्या होत्या. ठमी बूट घालायला नकार देत होती. बाईंनी विचारलं, तीन हजारांचं काय झालं?

ताईच्या त्या दुसऱ्या खात्यात तेव्हा दोनेक हजार जमले होते. हातातले हजार मिळवून भागलं असतं. भरले असते तर बाईंचं देणं संपलं असतं, आणि बाईंसमोर मान वर करून उभं राहता आलं असतं, ज्याची ताईला फार आवड होती. दोन क्षण ती बूटच बांधत राहिली. बुटाच्या नाड्या तशा बांधून झाल्या होत्या.

"एक हजार आज देते," ती म्हणाली. "दोन पुढच्या महिन्यात."

"हप्ता चुकवत नाही म्हणाला होतात."

"आज चुकवतेय," ताई म्हणाली. "पैसे आहेत माझ्याकडे. पण ते ह्याच्यासाठी नाहीत."

 काय वाटलं बाईंना, कोण जाणे. मग त्यांनी हजार घेतले, पावती दिली, आणि पावतीवर खाली, जरा जास्तच जोर देऊन, बाकी दोन हजार असं लिहिलं.

ताईनं पावती पर्समध्ये ठेवली आणि ठमीचा हात धरून बसथांब्याकडे निघाली. ठमी वाटेत सगळ्या वाळूची हकिगत सांगत होती. दोन हजार अजून द्यायचे आहेत.